गणपतीनंतर आलेलं मेडिकल सर्टिफिकेट: तपासायचं कसं आणि कोणत्या क्रमाने

आपल्याकडे वर्षातून दोनदा, गणपतीनंतर आणि शिमग्यानंतर, ऑफिसच्या टेबलावर मेडिकल सर्टिफिकेटांचा गठ्ठा येतो. मासळी प्रक्रियेचा कारखाना असो, काजूची फॅक्टरी असो की आंब्याचं कॅनिंग, अनुभव सारखाच. मग दोन प्रकारचे मालक दिसतात. एक म्हणतो, "सगळीच खोटी, सगळ्यांचा पगार कापा." दुसरा न वाचताच फाइलला लावतो. दोघांच्याही हातून चूक होते. पहिला खरोखर आजारी असलेल्याला शिक्षा करतो आणि दुसरा पुढच्या वर्षीचा गठ्ठा जाड करून ठेवतो.

तपासणीत सर्वांत जास्त चुकतो तो क्रम. आधी कामगाराला केबिनमध्ये बोलावून झापलं जातं, मग कुणीतरी सर्टिफिकेटवरच छापलेल्या नंबरवर फोन करतं, आणि कागद नीट वाचायची वेळ सगळ्यात शेवटी येते. इथे त्याच्या उलटा क्रम दिला आहे: आधी कागद, मग डॉक्टरची नोंदणी, मग डॉक्टरला लेखी विचारणा, मग कामगाराचं म्हणणं आणि शेवटी निर्णय.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. तुम्ही तपासताय तो कागद. "याला खरंच ताप होता का?" या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आठ दिवसांनी मिळणार नाही, आणि ते शोधणं तुमचं कामही नाही. तुमचे प्रश्न तीनच. हा कागद त्या डॉक्टरने दिलेला आहे का? तो डॉक्टर नोंदणीकृत आहे का? आणि डॉक्टरने जे लिहिलं तेच आज या कागदावर आहे का? हे तिन्ही प्रश्न वेगळे ठेवा. बहुतेक गोंधळ ते एकत्र केल्यामुळे होतात.

## टप्पा 1: सण येण्याआधीची तयारी

तपासणीचा अर्धा भाग सर्टिफिकेट येण्याच्या आधीच होतो. रजेचा नियम लेखी असला पाहिजे आणि सूचना फलकावर मराठीत लागलेला असला पाहिजे. त्यात किमान एवढं हवं: सलग किती दिवसांच्या गैरहजेरीला सर्टिफिकेट लागेल, मूळ प्रत कामावर आल्यापासून किती दिवसांत द्यायची, आणि आजारी पडल्यावर कळवायचं कुणाला. मोबाइलवर पाठवलेला फोटो कळवण्यापुरता चालेल, पण रजा मंजूर होईल ती मूळ कागदावर, हेही त्यातच लिहा. तुमच्या कारखान्याला स्थायी आदेश लागू असतील तर हा नियम त्यांच्याशी जुळतोय ना, ते पाहून घ्या.

दुसरी तयारी रजेच्या अर्जाची. अर्जाच्या तळाशी एक ओळ छापून घ्या:

> "सोबत जोडलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र संबंधित डॉक्टरांनी दिलं आहे का आणि त्यावरील तारखा बरोबर आहेत का, एवढीच खात्री त्यांच्याकडून करून घेण्यास माझी संमती आहे."

खाली सही. ही ओळ नसेल तर पुढे चौथ्या टप्प्यावर अडायला होतं. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. संमतीची सही पाहिली की डॉक्टरलाही उत्तर देताना अडचण वाटत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे आवक नोंदवही. सर्टिफिकेट कुणी दिलं, कधी दिलं, मूळ की झेरॉक्स, कोणत्या दवाखान्याचं, कोणत्या तारखांचं. साधी रेघांची वही पुरते. वर्ष-दोन वर्षांत हीच वही सगळ्यात कामाची ठरते, कारण एकाच दवाखान्याचे चार कागद शेजारी ठेवले की त्या डॉक्टरची सही, शिक्का आणि लिहिण्याची पद्धत आपोआप ओळखीची होते.

सावधान: तपासायचं तर सगळ्यांचं तपासा, किंवा आधी ठरवलेल्या निकषावर तपासा. उदाहरणार्थ, मंजूर रजेला लागून आलेलं प्रत्येक सर्टिफिकेट. युनियनच्या एकाच माणसाचा कागद काढून तपासला तर कागद खोटा निघाला तरी वाद तुमच्यावर उलटतो.

## टप्पा 2: कागद हातात आल्यावर

मूळ कागदावर काही लिहू नका. "खोटं वाटतं" असा शेरा मारू नका, पंच करू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. लॅमिनेट केलं की खोडलेली जागा, कागदाचा खरबरीतपणा, उमटलेला दाब, सगळं झाकलं जातं. पारदर्शक पिशवीत ठेवा, आवक क्रमांक पिशवीवर लिहा. पुढच्या आणि मागच्या बाजूचा फोटो घ्या. एक फोटो खिडकीजवळ, तिरका उजेड पडेल असा घ्या. ब्लेडने किंवा खोडरबरने खरवडलेला भाग समोरच्या उजेडात लपतो, तिरक्या उजेडात दिसतो.

आता वाचा. 2002 च्या आचारसंहितेसोबत रजेच्या सर्टिफिकेटचा एक नमुना जोडलेला आहे. त्यात वरच्या बाजूला रुग्णाची सही किंवा अंगठा आणि ओळखीच्या खुणा, मग आजार, किती दिवस आणि कोणत्या तारखेपासून विश्रांती, मग कामावर जाण्यास योग्य असल्याचा मजकूर, आणि शेवटी ठिकाण, तारीख, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक असतो. नोंदणी क्रमांक तर डॉक्टरने प्रत्येक चिठ्ठीवर, सर्टिफिकेटवर आणि पावतीवर द्यायचाच असतो.

पण खेड्यातला प्रत्येक डॉक्टर हा नमुना वापरतो असं नाही. म्हणून कमतरता आणि विसंगती यांत फरक करा. नोंदणी क्रमांक नाही, ओळखीची खूण नाही, अक्षर लागत नाही, नाव एका शाईत आणि सही दुसऱ्या शाईत आहे, या झाल्या कमतरता. कित्येक दवाखान्यांत मजकूर कंपाउंडर भरतो आणि डॉक्टर फक्त सही करतात, त्यामुळे दोन शाया आणि दोन अक्षरं ही अगदी रोजची गोष्ट. कमतरता असेल तर कागद पूर्ण करून आणायला सांगायचं. त्यावरून खोटेपणाचा निष्कर्ष काढायचा नाही.

विसंगती वेगळी. कागदावरची एक गोष्ट दुसरीला खोटं पाडते तेव्हा ती विसंगती. ती शोधायची तर कागदावरच्या सगळ्या तारखा एका कोऱ्या कागदावर ओळीने उतरवा: पहिल्यांदा तपासल्याची तारीख, विश्रांती कधीपासून कधीपर्यंत, दिवसांची संख्या, तंदुरुस्तीची तारीख, सहीखालची तारीख. बोटावर दिवस मोजा. पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस धरून मोजायचं. बनावट किंवा फिरवलेला कागद अक्षरावरून क्वचित पकडला जातो. तो पकडला जातो तारखांच्या गणितात, कारण माणूस एक आकडा बदलतो आणि त्याच्याशी जोडलेला दुसरा बदलायला विसरतो.

मागच्या तारखेच्या सर्टिफिकेटबद्दल इथेच सांगतो, कारण त्यावर सर्वाधिक वाद होतात. सहीची तारीख 4 सप्टेंबर आणि विश्रांती 30 ऑगस्टपासून, एवढ्यावरून कागद खोटा ठरत नाही. रुग्ण 30 ला दाखवून गेला असेल आणि कामावर जाताना 4 ला कागद घेतला असेल, तर ते अगदी रीतसर आहे. प्रश्न असा विचारायचा: डॉक्टरने रुग्णाला पहिल्यांदा कधी पाहिलं? पहिली तपासणीच 4 तारखेची असेल, तर त्याआधीच्या पाच दिवसांबद्दल डॉक्टर स्वतःच्या तपासणीवरून काही सांगू शकत नाही, रुग्णाने सांगितलेलं फक्त लिहू शकतो. अशा कागदाला बनावट म्हणू नका. त्या दिवसांसाठी तो पुरेसा नाही, एवढंच म्हणा.

पडताळा: या टप्प्याच्या शेवटी तुमच्याकडे एका पानाचं टिपण हवं. त्यात "कमतरता" आणि "विसंगती" असे दोन रकाने. विसंगतीचा रकाना रिकामा असेल आणि कागदावर नोंदणी क्रमांक असेल, तर बहुतेक सर्टिफिकेटांचं काम पुढच्या टप्प्यातल्या पाच मिनिटांच्या तपासणीवर संपतं.

## टप्पा 3: डॉक्टरची नोंदणी योग्य ठिकाणी शोधा

इथे होणारी चूक इतकी सर्रास आहे की तिच्यावर थोडं थांबतो. क्लार्क महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरचं नाव टाकतो, नाव सापडत नाही, आणि फाइलवर शेरा पडतो: "बोगस डॉक्टर." प्रत्यक्षात डॉक्टर बीएएमएस असतात. त्यांची नोंद त्या यादीत असणारच नाही.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे ॲलोपॅथीच्या म्हणजे एमबीबीएस आणि त्यापुढच्या पदव्यांच्या डॉक्टरांची नोंद असते. आयुर्वेद आणि युनानीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, होमिओपॅथीची महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेकडे आणि दातांच्या डॉक्टरांची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे. कोकणातल्या वाडीवस्तीवर जवळचा दवाखाना बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टरचा असण्याची शक्यता भरपूर, म्हणून आधी पदवी वाचा आणि मग यादी उघडा. आयुर्वेदाच्या डॉक्टरांचा क्रमांक बहुधा `I-` ने सुरू होतो आणि पुढे `A` येतो, त्यावरूनही अंदाज लागतो. नोंदणीकृत आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथी डॉक्टरांनाही आजारपणाचं आणि तंदुरुस्तीचं सर्टिफिकेट देण्याचा कायद्याने अधिकार आहे. "एमबीबीएसचंच आणा" असा तोंडी हट्ट धरू नका.

सिंधुदुर्गात आणखी एक गंमत. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडची माणसं उपचाराला सरळ गोव्यात बांबोळीला जातात, काही बेळगावला. तिथल्या डॉक्टरांची नोंद त्या त्या राज्याच्या कौन्सिलकडे असते. ॲलोपॅथीचा डॉक्टर कोणत्याही राज्यातला असला तरी `nmc.org.in` वर राष्ट्रीय नोंदवहीत शोधता येतो, पण तिथे नुकतीच झालेली नोंद दिसायला उशीर होऊ शकतो. म्हणून राज्याच्या यादीला जास्त वजन द्या.

नाव शोधताना स्पेलिंग बदलून पाहा आणि लग्नाआधीचं आडनाव लक्षात ठेवा. बऱ्याच डॉक्टर बाईंची नोंद माहेरच्या नावाने असते आणि दवाखान्याची पाटी सासरच्या. नावाऐवजी क्रमांकाने शोधलं तर हा घोळ टळतो. क्रमांक सापडला पण नाव अगदीच वेगळं निघालं, तर ती गंभीर विसंगती. आणि नूतनीकरणाची मुदत संपलेली दिसली तर त्याची टिपणात नोंद करा, पण त्यात दोष असला तर तो डॉक्टरचा. गावातल्या रुग्णाने डॉक्टरच्या नूतनीकरणाची तारीख तपासून ताप दाखवायला जावं, ही अपेक्षा हास्यास्पद आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयाच्या कागदावर कधी कधी नुसती "वैद्यकीय अधिकारी" अशी मोहर आणि सही असते. तिथे केसपेपरचा क्रमांक आणि तारीख जास्त उपयोगी, कारण रुग्णालयाच्या नोंदीतून तीच सापडते. कर्मचारी राज्य विमा योजनेखालच्या कामगाराचं सर्टिफिकेट असेल तर पडताळणी त्याच योजनेच्या दवाखान्याकडून आणि कार्यालयाकडून करून घ्या. आजारपणाचा लाभ चालू असताना तुमच्या पातळीवर कसलीही कारवाई सुरू करू नका.

ऑनलाइन सल्ल्यावर मिळालेल्या सर्टिफिकेटांवर हल्ली क्यूआर कोड असतो. तो स्कॅन करून हिरवी बरोबरची खूण दिसली म्हणजे कागद खरा, असं नाही. ज्याने कागद बनवला तो पानही बनवू शकतो. रुग्णालयाचा पत्ता स्वतः टाइप करून त्यांच्या संकेतस्थळावर जा, किंवा डॉक्टरचा क्रमांक कौन्सिलच्या यादीत पाहा.

## टप्पा 4: डॉक्टरला लेखी विचारा

विसंगती सापडली किंवा नोंदणी जुळली नाही, तरच हा टप्पा. प्रत्येक कागदासाठी पत्र पाठवत बसलात तर डॉक्टर तिसऱ्या पत्राला उत्तर देणं बंद करतील.

फोनवर विसंबू नका. सर्टिफिकेटवर छापलेला नंबर कागद बनवणाऱ्याचाच असू शकतो. आणि नंबर खरा असला तरी फोन उचलतो कंपाउंडर. गर्दीच्या वेळी तो नोंदवही न उघडता "हो हो, आमचंच आहे" म्हणतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे "असं काही दिलेलं नाही" म्हणतो. यातलं काहीच तुम्हाला पुढे वापरता येत नाही. फोन करायचाच तर दवाखान्याची वेळ आणि पत्ता विचारण्यापुरता करा, तोही दुसरीकडून मिळवलेल्या नंबरवर.

सर्टिफिकेटांची नोंदवही ठेवणं आणि दिलेल्या सर्टिफिकेटची प्रत जवळ ठेवणं 2002 च्या आचारसंहितेने ॲलोपॅथीच्या डॉक्टरवर बंधनकारक केलेलं आहे. म्हणजे तुम्ही डॉक्टरच्या आठवणीवर अवलंबून नाही, नोंद मागताय. पत्र असं लिहा:

> मा. डॉक्टरसाहेब,
> आमच्या आस्थापनेतील कर्मचारी श्री. ______ यांनी सादर केलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्राची छायाप्रत व त्यांची लेखी संमती सोबत जोडली आहे. कृपया पुढील बाबी आपल्या नोंदीवरून कळवाव्यात:
> (1) हे प्रमाणपत्र आपण दिलेले आहे का?
> (2) असल्यास त्यावरील विश्रांतीचा कालावधी व सहीची तारीख आपल्या नोंदीप्रमाणे काय आहे?
> (3) नोंदवहीतील अनुक्रमांक.
> आजाराचे स्वरूप किंवा उपचार यांची माहिती आम्हाला नको आहे.

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे डॉक्टर निर्धास्त होतात. आणि दुसऱ्या प्रश्नाची रचना नीट पाहा. "30 ऑगस्ट ते 4 सप्टेंबर हा कालावधी बरोबर आहे का?" असं विचारलं तर उत्तर "होय" असं येतं, कारण माणूस समोर छापलेलं वाचून मान डोलावतो. कालावधी डॉक्टरनेच लिहून द्यायला हवा.

पत्र स्पीड पोस्टने पाठवा किंवा माणूस पाठवून पोच घ्या. माणूस गेला तर त्याने पत्र द्यावं, पोच घ्यावी आणि निघावं. डॉक्टरशी हुज्जत घालायला किंवा कामगाराच्या घरी "बघून यायला" त्याला पाठवू नका. गावात ही बातमी संध्याकाळच्या आत वाडीभर होते, आणि कामगार निर्दोष निघाला तर ती परत घेता येत नाही.

उत्तर येईलच असं नाही. दहा-बारा दिवस थांबून एक स्मरणपत्र द्या. तरीही उत्तर नाही, तर "डॉक्टरने उत्तर दिलं नाही" एवढीच नोंद करा. उत्तर न येणं हा कामगाराविरुद्धचा पुरावा होत नाही.

सावधान: "आमचं नाही" असं उत्तर आलं तर ते लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह आणि तारखेसह लेखी घ्या. डॉक्टरने खोटं सर्टिफिकेट दिलेलं असेल आणि चौकशी आल्यावर तो घाबरला असेल, तर हात झटकण्याची शक्यता असते. म्हणून त्याच दवाखान्याचे तुमच्या फाइलमधले जुने कागद काढा आणि सही-शिक्का ताडून पाहा.

## एक उदाहरण, कागदासकट

2025 सालचं कॅलेंडर घेऊ. गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, गौरी-गणपतींचं विसर्जन 2 सप्टेंबरला. समजा, रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यातल्या पॅकिंगच्या कामगाराने 26 ते 29 ऑगस्ट अशी चार दिवसांची रजा मंजूर करून घेतली. तो 30 ला आला नाही, 5 सप्टेंबरला आला. हातात राजापूर तालुक्यातल्या एका दवाखान्याचं सर्टिफिकेट. मजकूर असा: तापामुळे 30/8 ते 4/9 विश्रांतीची गरज होती, आता कामावर हजर होण्यास योग्य. सहीखाली 2/9. नोंदणी क्रमांक `I-` ने सुरू होणारा.

टाइमकीपर आधी म्हणतो, "गणपतीत कसला ताप?" हा मुद्दा बाद. भाद्रपदात पावसाळा संपलेला नसतो, आणि लेप्टो, डेंग्यू, साधा व्हायरल या सगळ्यांचे रुग्ण कोकणात याच दिवसांत असतात. हंगाम हा पुरावा नाही. मग क्लार्क महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची यादी उघडतो आणि नाव नाही म्हणून आनंदतो. तेही बाद. क्रमांक इंडियन मेडिसिनच्या यादीत शोधला तर डॉक्टर सापडतात, नाव जुळतं.

आता तारखा ओळीने लिहा. विश्रांती 30/8 ते 4/9, म्हणजे दोन्ही दिवस धरून सहा दिवस. सही 2/9 ची. पुढच्या दोन दिवसांची विश्रांती 2 तारखेला लिहून देता येते, त्यात गैर काही नाही. पण त्याच कागदावर, त्याच सहीखाली, "आता कामावर हजर होण्यास योग्य" असंही आहे. 2 तारखेला योग्य असलेल्या माणसाला 4 तारखेपर्यंत विश्रांती कशी? ही विसंगती. तिरक्या उजेडात पाहिलं तर 4/9 मधला 4 चा उभा दांडा जाड आणि गडद, डावीकडची रेघ नंतर ओढल्यासारखी. 1 चा 4 करणं सोपं असतं. 2/9 चा 5/9 करणं अवघड, म्हणून ती तारीख तशीच राहिलेली असावी.

इथे केबिनमध्ये बोलावून "कबूल कर" म्हणायचा मोह होतो. तो आवरा. डॉक्टरला पत्र जातं, उत्तर येतं: प्रमाणपत्र आमचंच, कालावधी 30/8 ते 1/9, सही 2/9, नोंदवहीत अनुक्रमांक अमुक.

याचा अर्थ नीट लावा. डॉक्टर खरा, कागद खरा, आजारपणही डॉक्टरच्या नोंदीत खरं. 30, 31 आणि 1 हे तीन दिवस सर्टिफिकेटने सिद्ध झाले. त्यातला 31 ऑगस्ट रविवार होता. तुमच्याकडे रविवारी साप्ताहिक सुट्टी असेल तर तो दिवस नियमाप्रमाणे धरा. 2, 3 आणि 4 हे तीन दिवस सिद्ध झाले नाहीत. आणि तारीख फिरवणं ही तिसरी, स्वतंत्र बाब. "सर्टिफिकेट खोटं" असा एकच शेरा मारला असता तर खरे दिवसही बुडाले असते आणि पुढे चौकशीत तो शेरा टिकला नसता, कारण डॉक्टरने स्वतःच "आमचंच" म्हटलेलं आहे.

## टप्पा 5: कामगाराचं म्हणणं

आता, आणि आताच, कामगाराशी बोला. लेखी बोला. नोटिशीत नेमकं काय सापडलं ते लिहा: कोणती तारीख, कोणती विसंगती, डॉक्टरचं उत्तर काय. सर्टिफिकेटची आणि डॉक्टरच्या पत्राची प्रत जोडा. उत्तराला पुरेसे दिवस द्या आणि नोटीस मराठीतच काढा. "तुम्ही बनावट कागद सादर केला आहे" असं ठाम विधान नोटिशीत नको. तुमचं मत आधीच ठरलं आहे असा त्याचा अर्थ निघतो. "तारखेत बदल झाल्याचं दिसून येतं, याबाबत आपला खुलासा द्यावा" एवढं पुरेसं आहे.

खुलासा खरोखर वाचा. वरच्या उदाहरणात कामगार म्हणू शकतो की तारीख कंपाउंडरने बदलून दिली. मग डॉक्टरला एकच जादा प्रश्न जातो: बदल आपल्या दवाखान्यात झाला का? डॉक्टरने स्वतः बदल केला असता तर साधारणपणे शेजारी छोटी सही केली असती. किंवा कामगार म्हणेल, 2 तारखेला पुन्हा ताप भरला होता. मग औषधाच्या दुकानाची पावती किंवा रक्त तपासणीचा कागद दाखवायची संधी द्या. त्यावरची तारीख पाहा, आजार नको. कागद परत करा, प्रत ठेवू नका.

काही मालक या वेळी कामगाराला कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवतात. माणूस आजारी असताना तसं पाठवणं उपयोगाचं, आणि नियमात तशी तरतूद असेल तर रास्तही. ताप उतरून आठवडा झाल्यावर कोणताही डॉक्टर "तेव्हा ताप नव्हता" असं सांगू शकत नाही. उगाच फी जाते. मोडलेलं हाड, शस्त्रक्रिया, टायफॉइड अशा मागे खूण सोडणाऱ्या आजारांत मात्र तपासणीला नंतरही अर्थ असतो.

## टप्पा 6: निर्णय दोन कागदांवर

रजेचा हिशोब एका कागदावर, शिस्तीची बाब दुसऱ्यावर. रजेचा हिशोब ताबडतोब करता येतो: सिद्ध झालेले दिवस आजारपणाची किंवा खात्यावर शिल्लक असलेली रजा, उरलेले बिनपगारी किंवा तुमच्या नियमाप्रमाणे. शिस्तीची बाब मात्र आरोपपत्र, चौकशी, दोन्ही बाजूंचे साक्षीपुरावे, याच मार्गाने गेली पाहिजे. चौकशीआधीच शिक्षा म्हणून पगारातून रक्कम कापणं हा सगळ्यात महाग पडणारा शॉर्टकट आहे. कामगार न्यायालयात सर्टिफिकेट बाजूला राहतं आणि तुमची कपात चर्चेला येते.

शिक्षा ठरवताना तीन प्रकार एका मापाने मोजू नका. संपूर्ण कागद बनावट करणं, खऱ्या कागदावरची तारीख फिरवणं, आणि डॉक्टरने सढळ हाताने दिवस लिहून देणं. पहिल्या दोन्हींत कामगाराचा हात आहे, पण वजन सारखं नाही. तिसऱ्यात कामगाराविरुद्ध तुमच्याकडे जवळजवळ काहीच नसतं. नोंदणीकृत डॉक्टरने सही केलेला, खाडाखोड नसलेला कागद केवळ "हा डॉक्टर कुणालाही देतो" या गावगप्पेवर फेटाळू नका. एकाच दवाखान्याबद्दल पुरावा खरोखर साठला असेल, म्हणजे त्याच दिवशी हजेरीपटावर हजर असलेल्या माणसालाही तिथून सर्टिफिकेट मिळालंय असं काही, तर तक्रार डॉक्टरची आहे आणि ती त्याच्या कौन्सिलकडे करायची. खोटं सर्टिफिकेट देणं हे आचारसंहितेत गैरवर्तन आहे आणि त्यासाठी नाव नोंदवहीतून काढलं जाऊ शकतं.

काम संपल्यावर मूळ सर्टिफिकेट, तिरक्या उजेडातला फोटो, टिपण, डॉक्टरचं उत्तर आणि खुलासा एकाच बंद पाकिटात, कुलूप असलेल्या कपाटात ठेवा. आजाराचं नाव असलेला कागद हजेरीच्या फाइलमध्ये उघडा ठेवू नका. ती फाइल दिवसभर दहा जणांच्या हातून जाते. आवक नोंदवहीत मात्र निकालाची एक ओळ जरूर लिहा: "तीन दिवस मान्य, तीन अमान्य, बदल दवाखान्यात झालेला नाही." पुढच्या वर्षी त्याच दवाखान्याचा कागद आला की क्लार्क आधी ती ओळ वाचेल.